आजोबांचे दिवाळी अंक स्कॅन केले, आता ग्रुपवर टाकू का? शिवाय स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचं कोडं

लष्करचा_नातू

मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितोय. आमचं लष्कर भागातलं जुनं घर विकायचं ठरलं, तेव्हा आजोबांच्या कपाटातून साठ-सत्तरच्या दशकातले दिवाळी अंक निघाले. कागद हातात तुटतोय, म्हणून मी घरीच स्कॅन करून ठेवले. एका अंकात आमच्याच गावच्या एका लेखकाची शिंदेकालीन ग्वाल्हेरवरची फार सुरेख कथा आहे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा नुसता उल्लेख केला, तर पन्नास जणांनी "पीडीएफ टाका" म्हणून तगादा लावला.

त्यातच यंदा गणेशोत्सवाची स्मरणिका माझ्या गळ्यात पडली आहे. त्यात ती कथा, भा. रा. तांब्यांची एक कविता आणि मुखपृष्ठावर किल्ल्याचा फोटो घ्यायचा विचार आहे. फोटो नेटवरून घेणार. एक विकिमीडिया कॉमन्सवर मिळाला, त्याखाली CC BY-SA 4.0 लिहिलंय. दुसरा एका फोटोंच्या साइटवर आहे, रात्रीच्या रोषणाईतला, अप्रतिम. त्याखाली CC BY-NC-ND 4.0.

यातलं काय चालतं आणि काय नाही? "सगळेच करतात" हे उत्तर मला घरी मिळालेलं आहे.

मोरारचा_मोरू

सगळेच करतात.

दाणाओळी

अहो, इतकं काय घाबरायचं त्यात? मंडळ नफ्यासाठी नाही, कार्यक्रम धार्मिक, स्मरणिका फुकट वाटणार. नफा नसेल तर कॉपीराइट लागत नाही. आमच्या मंडळाने पूर्वी नाटकाला परवानगी घेतली नव्हती, तेव्हा एका वकिलांनीच सांगितलं होतं की असं चालतं. बिनधास्त छापा.

इंदुरी_पोहे

+१. आणि पुस्तक पन्नास वर्षं जुनं असलं की ते सगळ्यांचं होतं. माझ्या माहितीप्रमाणे.

पोटकलम

वकिलीची सवय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी स्कॅनचं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 मध्ये अपवाद आहेत, आणि त्यातला पहिलाच अपवाद स्वतःच्या खाजगी वापराचा आणि अभ्यासाचा आहे. 2012 च्या दुरुस्तीत तिथे खुलासाही जोडला की अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं म्हणजे उल्लंघन नव्हे. त्यामुळे घरचा अंक, घरचा स्कॅनर, फाइल स्वतःच्या संगणकात, इथवर नातूसाहेब निश्चिंत राहू शकतात. "वाजवी वापर" अशी अट तिथे आहे, आणि मोडकळीला आलेला स्वतःचा अंक वाचता यावा म्हणून केलेली एक प्रत वाजवी नाही, असं म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही.

पण हा अपवाद खाजगी वापरापुरताच आहे. फाइल ग्रुपवर पडली की तुम्ही दोन नव्या गोष्टी करता. एक, पन्नास फोनांत पन्नास नव्या प्रती तयार होतात. दोन, कृती लोकांपर्यंत पोचवण्याचा जो हक्क लेखकाचा, तो तुम्ही वापरता. ड्राइव्हची लिंक दिली तरी तेच, कारण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ती लोकांना उपलब्ध करून देणं पुरेसं आहे, प्रत्यक्षात कुणी उघडून पाहिली नाही तरी.

गंमत अशी की मूळ छापील अंक तुम्ही पन्नास जणांना एकेक करून खुशाल वाचायला द्या, विकून टाका, दान करा. ती प्रत आधीच बाजारात आलेली आहे, लेखकाचा तिच्यावर तसा ताबा उरत नाही. अंक फिरवता येतो, स्कॅन फिरवता येत नाही.

मोरारचा_मोरू

म्हणजे तुटणारा अंक फिरवा आणि न तुटणारा कपाटात ठेवा. झकास कायदा.

पोटकलम

@दाणाओळी, तुमच्या वकिलांनी सांगितलं ते खरं आहे, पण ते नाटकाबद्दल होतं. कलम 52 मध्ये हौशी संस्थांसाठी वेगळी सवलत आहे. साहित्यकृती, नाटक किंवा संगीतरचना हौशी संस्थेने तिकीट न लावता सादर केली, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केली, तर ते उल्लंघन होत नाही. ही सवलत सादरीकरणाला आहे, छपाईला नाही. "नफा नाही म्हणून काहीही छापा" असं कायद्यात कुठेच नाही.

@इंदुरी_पोहे, पन्नास वर्षं हा आकडा तुम्ही दोन ठिकाणी चुकवलात. मुदत पुस्तकाच्या वयावर नाही, लेखकाच्या मृत्यूवर चालते, आणि ती आता साठ वर्षं आहे. मोजायची कशी, तर मृत्यूचं वर्ष सोडायचं आणि पुढच्या 1 जानेवारीपासून साठ वर्षं धरायची. उदाहरणार्थ, लेखक 1972 मध्ये गेला असेल तर 31 डिसेंबर 2032 पर्यंत हक्क वारसांकडे, 2033 उजाडलं की कृती मोकळी. मग कथा 1931 साली छापली होती का 1971 साली, हे विचारायचीही गरज नाही.

इंदुरी_पोहे

पण पन्नास कुठेतरी होतं ना? मी ते स्वप्नात नाही पाहिलं.

ग्रंथपाल_निवृत्त

होतं, होतं. आणि त्याची गोष्ट नेमकी तांब्यांना लागू पडते, म्हणून सांगते.

पूर्वी मुदत पन्नासच होती. रवींद्रनाथ 1941 मध्ये गेले, म्हणजे 1991 च्या शेवटी त्यांचं सगळं साहित्य मोकळं होणार होतं. त्यांचे हक्क विश्वभारती विद्यापीठाकडे होते, त्यांना हे नको होतं. शेवटी 1991 संपता संपता अध्यादेश निघाला, मग 1992 मध्ये कायदा झाला, आणि पन्नासाची साठ वर्षं झाली. भास्करराव तांबे, आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी, तेही 1941 च्या डिसेंबरात ग्वाल्हेरलाच गेले. रवींद्रनाथांसाठी झालेल्या दुरुस्तीने तांब्यांच्या कवितांनाही आपोआप दहा वर्षं चिकटली. 1 जानेवारी 2002 पासून त्या मोकळ्या आहेत. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2011 पासून.

तर नातूसाहेब, तांब्यांची कविता छापा, ग्रुपवर टाका, टी-शर्टवर छापलीत तरी हरकत नाही. एक काळजी घ्या. कविता कुठल्या आवृत्तीतून उतरवता ते पाहा. नंतरच्या आवृत्तीत कुणी प्रस्तावना, टिपा, अर्थ लिहिले असतील तर ते त्या संपादकाचे, आणि त्यांची मुदत त्याच्या मृत्यूपासून वेगळी. कवितेचा मजकूर तेवढा टंकून घ्या, पान जसंच्या तसं स्कॅन करून चिकटवू नका.

मोरारचा_मोरू

राजकवींचा टी-शर्ट. बाड्यावर खपेल.

बडोद्याची_सून

माझा प्रश्न जरा असाच आहे म्हणून इथेच विचारते. मी दोन वर्षांपूर्वी बडोद्याच्या जुन्या वाड्यांवर फेसबुकवर लेख लिहिला. तो आता माझं नाव काढून सगळीकडे फिरतोय, खाली "अज्ञात" असं लिहून! परवा माझ्याच सासूबाईंनी मला फॉरवर्ड केला, "बघ किती छान लिहिलंय" म्हणून. माझा कॉपीराइट नोंदवलेला नाही. मग हक्क गेला का?

पोटकलम

ताई, नाही गेला. हक्क लेख लिहिल्याक्षणीच तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद उभा राहिला तर नोंदणी पुराव्याला कामी येते, एवढंच. आणि नाव काढून टाकणं हा वेगळा अपराध धरला जातो. कलम 57 प्रमाणे कृतीवर आपलं लेखकपण सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, त्याने कॉपीराइट विकून टाकला तरी. फेसबुकच्या मूळ पोस्टवर तारीख आहे, ती जपून ठेवा.

सासूबाईंवर नोटीस काढायची असेल तर मी फी घेणार नाही.

बडोद्याची_सून

😂 नको, दिवाळीला घरी जायचंय.

लष्करचा_नातू

फार मदत झाली. तांबे मार्गी लागले. कथेचं मात्र कळेना. लेखकांचं नाव अंकात आहे, पण ते कधी गेले, वारस कोण, काही ठाऊक नाही. अंक काढणारी प्रकाशन संस्था केव्हाच बंद पडली. मग हक्क कुणाकडे?

ग्रंथपाल_निवृत्त

लेखक नोकरीत राहून त्या मासिकासाठी लिहीत नसतील, बाहेरून कथा पाठवली असेल, आणि दिवाळी अंकात बहुतेक तसंच असतं, तर लेखी करार करून हक्क दिलेले नसतील तोवर ते लेखकाचेच. मासिकाने एकदा छापली म्हणून ती मासिकाची झाली नाही. कथेसोबतचं रेखाचित्र असेल तर ते चित्रकाराचं, तेही लक्षात ठेवा. लोक हे हमखास विसरतात आणि कथेची परवानगी घेऊन चित्रासकट पान छापतात.

वारस शोधायचा तर आपल्याकडे सोपं आहे. जुन्या शाळेचे माजी विद्यार्थी, मराठी समाजाची जुनी वर्गणीदारांची यादी, गल्लीतला किराणावाला. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचा पत्ता दोन फोनांत लागतो.

इंदुरी_पोहे

आणि नाही लागला तर? माझं मत स्पष्ट सांगतो. कुणी वारस नाही, प्रकाशक नाही, पुस्तक बाजारात नाही. कथा मरतेय. अशा वेळी छापणं हे पुण्यकर्म आहे. कोण कोर्टात जाणार?

पोटकलम

तुमच्या भावनेशी माझं भांडण नाही. अशा बेवारस कृतींसाठी कायद्यात 31-अ नावाचं कलम आहे. लेखक मेला असेल किंवा सापडत नसेल, तर छापण्याचा परवाना मागता येतो. पण त्यासाठी आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, मग अर्ज, मग ठरेल ती रॉयल्टी जमा करायची. गल्लीतल्या स्मरणिकेसाठी कुणी हे करताना मी पाहिलं नाही. दार आहे, पण उंबरठा कमरेएवढा.

"कोण कोर्टात जाणार" याचं उत्तर बहुतेक वेळा "कुणी नाही" असंच असतं, हे मी मान्य करतो. पण जाणूनबुजून उल्लंघन हा फौजदारी गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा त्याहून कमी करू शकतं. स्मरणिकेवर संपादक म्हणून नाव नातूसाहेबांचं असणार, तुमचं नाही.

इंदुरी_पोहे

पटलं नाही, पण मुद्दा कळला. साठ वर्षं ही मुदतच जास्त आहे असं माझं म्हणणं. नातवंडांनाही माहीत नसलेल्या हक्कासाठी कथा कुजवायची.

कॉमन्सवाली

उशिरा आले. मी विकिमीडिया कॉमन्सवर फोटो चढवते, त्यामुळे मुखपृष्ठाचं माझ्याकडे सोपवा.

आधी एक समजूत दुरुस्त करते. CC, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, लिहिलेला फोटो म्हणजे "फुकट, काहीही करा" नव्हे. हक्क फोटोग्राफरकडेच असतात. त्याने आगाऊ, सगळ्यांना, अटींवर परवानगी दिलेली असते. अट मोडली की परवानगी संपली आणि तुम्ही साध्या कॉपीराइटच्या तावडीत.

तुमच्या रोषणाईच्या फोटोतल्या ND चा अर्थ असा की फोटो बदलून तुम्ही तो लोकांना देऊ शकत नाही. घरी हवा तसा कातरा, पण छापायचा तर जसाच्या तसा. मुखपृष्ठ म्हटलं की तुम्ही उभा कातरणार, आकाशावर मंडळाचं नाव टाकणार, कोपऱ्यात गणपती बसवणार. तिथेच ND आडवा आला. लहान-मोठा करणं किंवा फाइलचा प्रकार बदलणं चालतं, तो बदल धरत नाहीत.

NC म्हणजे व्यापारी वापर नको. इथे लोक फसतात. परवान्यात "वापरणारा कोण" याला महत्त्व नाही, "वापर कशासाठी" याला आहे. मुख्यतः पैशासाठी किंवा व्यापारी फायद्यासाठी असलेला वापर NC मध्ये बसत नाही. स्मरणिकेत जाहिराती आहेत का?

लष्करचा_नातू

आहेत. सराफ्यातले दोन दुकानदार, एक मिठाईवाला, एक कोचिंग क्लास. त्याच पैशात छपाई निघते.

दाणाओळी

छपाईचा खर्च निघाला म्हणजे व्यापार कसा? उरलंच तर महाप्रसादात जातं.

कॉमन्सवाली

@दाणाओळी, तुमच्यासारखं म्हणणारे आहेत आणि उलट म्हणणारेही. जाहिरातींवर छपाई निघते तेव्हा तो NC मध्ये बसतो का, यावर एकमत नाही, आणि फोटोग्राफरची समजूत तुमच्यासारखीच असेल असं धरून चालता येत नाही. माझा नियम एवढाच की शंका असेल तर फोटोग्राफरलाच दोन ओळींचा निरोप पाठवायचा. परवान्याबाहेरची परवानगी तो वेगळी देऊ शकतो. निम्मे लोक आनंदाने देतात. पण इथे ND असल्यामुळे वाद घालायचीही गरज नाही, तो फोटो सोडा.

कॉमन्सवरचा CC BY-SA घ्या. जाहिराती असोत, स्मरणिका विकत द्या, कातरा, अक्षरं टाका, सगळं चालतं. बदल्यात फोटोग्राफरचं नाव, परवान्याचं नाव आणि पत्ता, आणि तुम्ही बदल केला असेल तर तसं सांगणं, एवढं द्यायचं. आवृत्ती 4.0 मध्ये नुसतं कातरलं तरी सांगावं लागतं. मुखपृष्ठावरच नाव टाका असं नाही, आतल्या पानावर चालेल. असं लिहा:

```
मुखपृष्ठ छायाचित्र: <फोटोग्राफरचं नाव>, विकिमीडिया कॉमन्स
परवाना: CC BY-SA 4.0
https://creativecommons.org/licenses/by-sa/4.0/
बदल: छायाचित्र कातरले, त्यावर अक्षरे घातली.
हे मुखपृष्ठही CC BY-SA 4.0 खाली.
```

"छायाचित्र: गूगलवरून साभार" असं लिहू नका. गूगल फोटो काढत नाही.

मोरारचा_मोरू

आमच्या मंडळाने एकदा "छायाचित्र: इंटरनेट" असं लिहिलं होतं. इंटरनेटने काही तक्रार केली नाही.

पोटकलम

शेवटच्या ओळीबद्दल एक शंका. SA म्हणजे पुढच्यालाही तोच परवाना द्यायचा. मग आख्खी स्मरणिका त्या परवान्याखाली जाईल का? मंडळाचे अध्यक्ष हे विचारतीलच, आणि लेखक लोक जास्तच.

कॉमन्सवाली

नाही जात. फोटोत मिसळून जे नवीन तयार झालं, म्हणजे मुखपृष्ठाची रचना, तेवढ्यालाच SA लागतो. आतले लेख, कविता, कुणाच्या आजीची पुरणपोळीची कृती, हे सगळं फोटोच्या शेजारी आहे, फोटोतून तयार झालेलं नाही. ते ज्याचं त्याचंच. उद्या कुणी तुमचं मुखपृष्ठ उचलून दुसऱ्या मंडळाला दिलं, नाव आणि परवाना नीट देऊन, तर तुम्हाला अडवता येणार नाही, एवढी तयारी ठेवा.

आणखी एक, कारण यावरून मी स्वतः कॉमन्सवरचे बरेच फोटो हटवायला लावले आहेत. परवाना देणारा माणूस खरा मालक असला तरच परवान्याला किंमत. कुणीतरी वर्तमानपत्रातला फोटो उचलून कॉमन्सवर "माझाच" म्हणून टाकला आणि CC लावला, तर तो परवाना कागदाचा तुकडा. ओळखायचं कसं? फोटोच्या पानावर खाली कॅमेऱ्याची माहिती असते, मॉडेल, तारीख, वेळ. ती पूर्ण गायब, फोटो लहान, चढवणाऱ्याने आयुष्यात हा एकच फोटो दिलेला, आणि फोटोवरूनच नेटवर उलट शोध केला की तोच फोटो मोठ्या आकारात आधीच्या तारखेला दुसरीकडे दिसतोय, असं जुळलं की हात लावू नका. तुमचा दुवा मी पाहिला. फोटो मोठा आहे, कॅमेऱ्याची माहिती आहे, चढवणाऱ्याचे किल्ल्याचेच तासाभरातले आणखी फोटो आहेत. मला ठीक वाटला. घेताना पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. मालकाने दिलेला परवाना मागे घेता येत नाही, पण उद्या त्याने पान बदललं तर तुमच्याकडे पुरावा हवा.

लष्करचा_नातू

परवान्याची ओळ छापायला देताना चुकून राहिली तर? आमचा छापखानेवाला शेवटच्या क्षणी ओळी खातो.

कॉमन्सवाली

4.0 मध्ये सोय आहे. अट मोडली की परवाना आपोआप संपतो, पण चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केलीत तर तो आपोआप परत सुरू होतो. पीडीएफमध्ये दुरुस्ती सोपी. छापील प्रतीत चिठ्ठी चिकटवत बसावं लागेल, म्हणून प्रूफ स्वतः वाचा. मधल्या काळातल्या चुकीबद्दल तो भांडू शकतो, हेही सांगून ठेवते.

दाणाओळी

मला एक सांगा. archive.org वर तर हजारो मराठी पुस्तकं आहेत, सगळी सरकारनेच स्कॅन केलेली. सरकारने ठेवली म्हणजे मोकळीच ना?

ग्रंथपाल_निवृत्त

नाही हो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या नावाने जे स्कॅन तिथे आहेत त्यात मुदत न संपलेलीही पुस्तकं आहेत. आणि पुस्तकाच्या पानावर "पब्लिक डोमेन" असं लिहिलेलं असतं ते चढवणाऱ्याने लिहिलेलं, कुठल्या न्यायाधीशाने नाही. लेखकाचा मृत्यू कधी झाला ते स्वतः बघायचं. वाचायला उघडणं वेगळं, आणि तीच फाइल उचलून पुन्हा वाटणं वेगळं.

इंदुरी_पोहे

वाचायला उतरवून घेणंही वेगळंच का? चोरीची पीडीएफ खाजगी वापरासाठी उतरवली तर?

पोटकलम

इथे मी हात वर करतो. खाजगी वापराच्या कलमात "मूळ प्रत कायदेशीर असावी" असं पुस्तकांबाबत स्पष्ट लिहिलेलं नाही. त्यावरून काही जण चालतं म्हणतात. "वाजवी" या शब्दात चोरीचा माल कसा बसेल, असं इतर विचारतात. मला दुसरं पटतं.

तसाच दुसरा लोंबकळता प्रश्न, छोटा ग्रुप. तुम्ही, तुमचा भाऊ आणि बहीण अशा तिघांच्या ग्रुपवर आजोबांचा अंक टाकला तर ते "लोकांपर्यंत पोचवणं" आहे का? कायद्यात "लोक" म्हणजे किती, हा आकडा नाही. घरच्या घरी असेल तर मी डोळेझाक करेन. मंडळाचा ग्रुप, ज्यात कोणीही कोणाला जोडतो, त्याला मी घर म्हणणार नाही.

मोरारचा_मोरू

आमच्या घरच्या ग्रुपवर एकशे बारा माणसं आहेत. त्यातले वीस तरी ओळखीचे नाहीत.

ग्रंथपाल_निवृत्त

नातूसाहेब, अंकांबद्दल एक सुचवू? तुमच्या कपाटातून ते एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्या. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायची परवानगी त्याच कलम 52 मध्ये 2012 पासून आहे. शिवाय पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. तुमचे स्कॅन आधीच तयार आहेत, त्यांचं काम वाचेल. मंडळाच्या कपाटाला "सार्वजनिक ग्रंथालय" म्हणता येईल का, याबद्दल मात्र मी खात्री देणार नाही. ज्याची नोंदणी आहे, वाचक येतात-जातात, असं ठिकाण बघा.

दाणाओळी

तेच म्हणतो, कथा स्टेजवर वाचून दाखवा! पोटकलमांनीच सांगितलं ना, हौशी संस्था, तिकीट नाही. पहिल्या दिवशी आरतीनंतर. माझी मुलगी छान वाचते.

पोटकलम

दाणाओळी, या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद तुमचा. हो, हे चालतं. प्रेक्षकांकडून तिकीट नको, बस. फक्त यूट्यूबवर लाइव्ह लावू नका. मंडपात बसलेल्यांना वाचून दाखवणं सवलतीत बसतं, नेटवर टाकलं की आपण पुन्हा पीडीएफच्या गल्लीत.

बडोद्याची_सून

आणि लोकांनी फोनवर रेकॉर्ड करून टाकलं तर?

पोटकलम

तर तुमच्या सासूबाई फॉरवर्ड करतील. सूचना लावा, आणखी काय करणार.

लष्करचा_नातू

बरं, थोडी प्रगती. किराणावाल्याचा सल्ला खरा ठरला. जीवाजी गंजातल्या एका दुकानातून कळलं की लेखकांची नात पुण्यात असते. फोन झाला. लेखक 1984 मध्ये गेले, म्हणजे 2044 पर्यंत हक्क त्यांच्या वारसांकडे. ती स्वतः खूश आहे, पण एक चुलते आणि एक आत्या आहेत, त्यांना विचारून सांगते म्हणाली.

@पोटकलम, तिने व्हॉट्सॲपवर "हो" लिहिलं तर पुरेल का?

पोटकलम

परवाना लेखी हवा. 2012 पासून सहीची अट नाही, त्यामुळे ईमेल किंवा निरोप लेखी धरता येईल. पण नुसतं "हो" नको. कशाला हो, हे त्यात आलं पाहिजे. कथेचं नाव, मंडळाचं नाव, यंदाची स्मरणिका, छापील किती प्रती, पीडीएफ ग्रुपवर टाकायची का, यूट्यूबवर वाचन टाकायचं का, मानधन किती किंवा काहीच नाही. पीडीएफचं स्वतंत्र विचारा, कारण छपाईची परवानगी म्हणजे पीडीएफची परवानगी नव्हे. आणि चुलते-आत्यांचंही हवं. हक्क वारसांचा सामायिक आहे, एकटी नात सगळ्यांच्या वतीने देऊ शकत नाही.

ग्रंथपाल_निवृत्त

रेखाचित्राचं विचारलंत का?

लष्करचा_नातू

चित्रकाराचं नाव अंकात नुसत्या आद्याक्षरांनी आहे. कथा चित्राशिवाय टंकून घेतोय. तांबे टंकून झाले. मुखपृष्ठाला कॉमन्सचा फोटो, ओळ कॉमन्सवालींनी दिली तशीच. अध्यक्षांना "हे मुखपृष्ठही CC BY-SA" ही ओळ खटकली, "म्हणजे दुसरं मंडळ आपलं कव्हर चोरणार?" म्हणून. समजावतोय.

कॉमन्सवाली

त्यांना सांगा, नाव देऊन घेतलं तर चोरी नाही, जाहिरात आहे. तरी ऐकलं नाहीत तर स्वतः किल्ल्यावर जाऊन फोटो काढा, तो तुमचा, कुठलीही ओळ नको.

मोरारचा_मोरू

उन्हात किल्ला चढण्यापेक्षा एक ओळ छापणं बरं. अध्यक्षांनाच पाठवा वर.

दाणाओळी

कॅसेटचं कुणीच बोललं नाही. माझ्याकडे तांब्यांच्या गाण्यांची कॅसेट आहे, ती एमपी-थ्री करून मंडपात लावली तर? कविता तर मोकळ्या झाल्यात.

पोटकलम

कविता मोकळी, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण कंपनीचं. चालीला संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, मुद्रणाला ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ. कॅसेटवर वर्ष काय आहे?

दाणाओळी

लेबल निघालंय. मुलीला गायला सांगतो.

पोटकलम

चाल तिची स्वतःची असेल तर यूट्यूबवरही टाका.